लेक डब्यातली स्पॅनिश चिठ्ठी न उघडताच परत आणते

"ताई, मी मूळची सांगलीची, लग्नानंतर सॅन अँटोनियोला आले. नवरा इथलाच, मेक्सिकन-अमेरिकन. घरात स्पॅनिश आणि इंग्लिश दोन्ही चालतं, मराठी फक्त मी लेकीशी बोलते तेवढंच. लेक सात वर्षांची, दुसरीत आहे. नवरा पहाटे पाचला कामावर निघतो म्हणून डबा मीच भरते आणि त्यात रोज एक स्पॅनिश चिठ्ठी ठेवते, चार शब्द हिंमत देणारे, कारण तिची स्पॅनिश कमी होत चाललीये, बाबा स्पॅनिशमध्ये विचारतो आणि ही इंग्लिशमध्ये उत्तर देते. माझी स्पॅनिश अ‍ॅपवर शिकलेली. महिन्यापूर्वी एका मुलीने टेबलावर चिठ्ठी मोठ्याने वाचली, 'मी आमोर्सितो', म्हणजे माझं लाडकं, वगैरे, सगळी पोरं हसली. तेव्हापासून चिठ्ठ्या न उघडता परत येतात. त्यात नाटकाच्या दिवशी मी लिहिलेलं 'एस्तोय मुय एक्सितादा', म्हणजे मी खूप एक्सायटेड आहे, ते सासूबाईंनी पाहिलं आणि तोंडावर हातच ठेवला, कारण काही सांगेनात. वर म्हणतात शाळेत स्पॅनिश पाठवूच नकोस. बंद करू का?"

अगं, आधी त्या नाटकाच्या चिठ्ठीचं सांगते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल, किंवा पडणार नाही. 'एक्सितादा' हे मेक्सिकोच्या बोलण्यात बेडरूममधलं एक्साइट होणं. तुला जे म्हणायचं होतं त्याला 'एमोस्योनादा' म्हणतात. सासूबाई सांगेनात याचं कारण तेवढंच, दुसरं काही मनात धरू नकोस. सात वर्षांच्या पोरीला त्यातलं काही कळलेलं नाही, आणि हीच चूक स्पॅनिश शिकणारे निम्मे इंग्लिशवाले करतात, मी टेक्सासात बायलिंग्वल वर्गात असिस्टंट होते तेव्हा मोठमोठ्या शिकलेल्या आयांच्या चिठ्ठ्यांत बघितलीये. हसून सोडून दे.

आता मुद्द्याचं. बंद करू नकोस, पण आत्ता जशी ठेवतेस तशीही चालू ठेवू नकोस.

मुलं नेमकी कशाला हसली ते नीट बघ. सॅन अँटोनियोत अर्ध्याहून जास्त वस्ती हिस्पॅनिक, त्या टेबलावरच्या निम्म्या पोरांची आजी घरी स्पॅनिश बोलत असणार, त्यांना स्पॅनिश शब्दांचं हसू कशाला येईल? आणि ज्या मुलीने वाचली तिला ती वाचता आली म्हणजे तिच्याही घरात स्पॅनिश आहेच की. हसू आलं ते 'आमोर्सितो'ला. आई लाडाने काय म्हणते ते चारचौघांत कुणी वाचलं की दुसरीतलं कुठलंही पोरगं लाल होतं, तू मराठीत 'माझं शोनुलं' लिहिलं असतंस आणि सांगलीच्या शाळेत कुणी वाचलं असतं तरी हेच झालं असतं. तेव्हा चिठ्ठीतून काढायचं ते लाडाचं नाव, स्पॅनिश नाही. लाडाची नावं घरी ठेव, निजताना म्हण. चिठ्ठीत तिचं नाव लिही किंवा काहीच लिहू नकोस. नवरा 'मीहा' म्हणत असेल, म्हणजे मी-ईहा, माझी पोर, तर ते चालतं, तिथले सगळे बाप सगळ्या पोरींना म्हणतात, त्याला कुणी हसत नाही.

दुसरी गोष्ट जरा मोठी आहे, आणि माझ्या मते खरा घोटाळा इथेच आहे. ती चिठ्ठी उघडत नाही याचं एक कारण लाज, पण दुसरं असं असू शकतं की तिला ती वाचताच येत नाही. तू म्हणशील स्पॅनिश तर कळते तिला. कानाने कळते गं, पण वाचायला ती शाळेत इंग्लिशमध्येच शिकलीये ना, त्यामुळे कागदावर रोमन अक्षरं दिसली की तिच्या डोक्यात इंग्लिश उच्चार लागतात. क्यू-यू-ई अशी अक्षरं दिसली की ती 'क्वे' किंवा 'क्यू' वाचणार, स्पॅनिशमध्ये ते साधं 'के'. एच स्पॅनिशमध्ये मुकाच, जे चा उच्चार आपल्या ह-ख च्या मधला, दोन एल एकत्र आले की साधारण 'य'. म्हणजे बाबा रोज जे वाक्य बोलतो तेच कागदावर आलं तरी तिला ते अनोळखी वाटतं. टेबलावर मैत्रिणी, खायला मोजून वीस-पंचवीस मिनिटं, त्यात कोण अक्षरं लावत बसणार.

याचा उपाय सोपा आहे, जे वाक्य तिने बाबाच्या तोंडून आधी ऐकलेलं नाही ते चिठ्ठीत लिहायचंच नाही. अ‍ॅपमधलं वाक्य नको, गूगलवर शोधलेलं सुंदर वाक्य तर अजिबात नको. आधी कानावर, मग कागदावर. ऐकलेलं वाक्य वाचताना पोर पहिल्या दोन अक्षरांवरून ओळखते आणि पुढचं आपोआप बरोबर उच्चारते, आणि असं पाच-सहा वेळा झालं की क्यू-यू-ई म्हणजे 'के' हे तिला कुणी न शिकवता बसतं. स्पॅनिशचं लिहिणं उच्चाराला फार प्रामाणिक आहे, इंग्लिशसारखं नाही, त्यामुळे नियम थोडे आणि एकदा बसले की बसले.

करायचं कसं ते सांगते. रविवारी संध्याकाळी नवऱ्यासोबत दहा मिनिटं बस आणि त्याला विचार, तू हिला कुठे सोडताना काय म्हणतोस, ती पडली की काय म्हणतोस, सायकल शिकवताना काय म्हणत होतास. तो जे सांगेल ते वहीत देवनागरीत लिहून घे, अगदी उच्चाराप्रमाणे. आपल्याला हा एक फायदा आहे बघ, स्पॅनिशचे पाच स्वर आपल्या आ-ए-इ-ओ-उ शी छान जुळतात आणि त्यांचे त-द आपल्यासारखे दातावरचे असतात, अमेरिकन लोकांना तेच जड जातात. तुझ्या वहीत कदाचित असं येईल: 'के ते वाया ब्येन', नीट जा, छान होऊ दे तुझं. 'तू प्वेदेस', तुला जमेल. 'आनिमो', हिंमत धर. 'ते क्येरो मुचो', खूप प्रेम. 'पोको आ पोको', हळूहळू. आठ-दहा वाक्यं पुष्कळ झाली, महिनाभर पुरतात. शेजारी त्याच्याकडून रोमनमध्ये लिहून घे.

आता इथे एक नाजूक भाग आहे, जपून कर. तुझा नवरा टेक्सासात वाढलाय, त्याची शाळा बहुतेक इंग्लिशच झाली असणार, त्यामुळे बोलतो फाडफाड पण लिहिताना अडखळत असेल, स्वरांवरची ती तिरकी खूण खातो, बी आणि व्ही मध्ये गोंधळतो कारण स्पॅनिशमध्ये दोघांचा उच्चार एकच. अशी माणसं भेटली आहेत मला खूप, आणि त्यांना त्याची मनातून फार लाज असते, कुणी खोडून दुरुस्त केलं की पुन्हा लिहीतच नाहीत. तू त्याची चूक पेनाने खोडू नकोस. तुला शंका वाटली तर रेआल अकादेमिया एस्पान्योला या स्पेनच्या भाषा-संस्थेचा शब्दकोश ऑनलाइन फुकट आहे, त्यात बघ आणि चिठ्ठीवर उतरवताना गुपचूप बरोबर लिही. सगळ्याच खुणांसाठी जीव टाकायची गरज नाही, पण एक जपच. बाबा म्हणजे 'पापा' अशी सही करताना शेवटच्या आ वर तिरकी खूण हवीच, ती राहिली तर मेक्सिकोच्या स्पॅनिशमध्ये सही बटाट्याची होते.

आणि हो, शक्य असेल तर अक्षर त्याचंच असू दे. तो पहाटे पाचला जातो हे कळलं, पण चिठ्ठी पहाटेच लिहायला पाहिजे असं कुठेय, रविवारी त्या दहा मिनिटांतच तीन लिहून फ्रिजवर लावून ठेवा. घरात स्पॅनिश बाबाची आहे, तुझी नाही, हे तिला पक्कं माहितीये. तू लिहिलेली स्पॅनिश म्हणजे तिच्या दृष्टीने आईने दिलेला अभ्यास. बाबाची चिठ्ठी म्हणजे दिवसभर न दिसणारा बाबा डब्यात भेटला, ही गोष्टच वेगळी. तुला लिहायचंच असेल तर स्वतःच्या नावाने लिही, बाबाच्या नावाने नको, कारण स्पॅनिशमध्ये बोलणारा बाई की पुरुष यावर शब्द बदलतो, मला तुझा अभिमान वाटतो हे तू म्हणशील तर 'ओर्गुयोसा' आणि तो म्हणेल तर 'ओर्गुयोसो'. बाबाची सही आणि वर बाईचा शब्द असला की पोरं लगेच पकडतात.

मजकुराबद्दल माझं मत जरा कडक आहे. 'तू सगळ्यात हुशार', 'तू बेस्ट', 'तू आमची स्टार' हे नको. 1998 मध्ये कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर या दोघी मानसशास्त्रज्ञांनी पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यात ज्यांना 'हुशार आहेस' म्हटलं ती मुलं नंतर सोपंच काम निवडायला लागली आणि एकदा अपयश आलं की जास्त खचली, ज्यांना 'मेहनत केलीस' म्हटलं ती टिकली. नंतर काहींनी हे प्रयोग पुन्हा केले तेव्हा परिणाम इतका मोठा दिसला नाही, तेव्हा एवढ्याने पोरीचं आयुष्य बदलेल असं मी म्हणत नाही, पण चिठ्ठीत चारच शब्द बसतात तर ते कामाचे असावेत ना. मेक्सिकन घरांत याला एक अस्सल वाक्य आहे, 'एचाले गानास', म्हणजे मनापासून जोर लाव. तुझा नवरा नक्की म्हणत असेल. फक्त ते परीक्षेच्या आधी म्हणायचं. परीक्षा वाईट गेल्यावर म्हटलं की ते टोमण्यासारखं लागतं, मेक्सिकन पोरं मोठी झाल्यावर याच वाक्याबद्दल तक्रार करतात की काहीही झालं की घरचे एचाले गानास म्हणून मोकळे.

समज शुक्रवारी तिची स्पेलिंग टेस्ट आहे. गुरुवारी रात्री बाबा तिला झोपवताना सहज म्हणतो, उद्या टेस्ट ना, एचाले गानास. शुक्रवारी डब्यात तेच दोन शब्द, त्याच्या अक्षरात, बाजूला एक पेन्सिलचं चित्र. ती उघडते, ई-सी-एच दिसतं आणि रात्रीचा बाबाचा आवाज आठवतो, वाचून झालंसुद्धा, दोन सेकंद. टेस्टमध्ये दहातले सहा आले. मग सोमवारी 'तू बेस्ट आहेस' नाही आणि पुन्हा जोर लावही नाही. रविवारी बाबाने तिच्यासोबत बसून चुकलेले चार शब्द बघितले असतील आणि 'पोको आ पोको' म्हटलं असेल, तर सोमवारी तेच. बुधवारची चिठ्ठी टेस्टबद्दल नकोच, तिने मंगळवारी कुत्र्याचं चित्र काढलं असेल तर 'मे गुस्तो तू पेर्रो', तुझा कुत्रा आवडला मला. खऱ्या घडलेल्या गोष्टीवर लिहिलेलं पोरांना लगेच कळतं, आणि हेही बाबाने मंगळवारी तोंडाने म्हटलेलं असलं पाहिजे बरं का, नाहीतर पुन्हा तेच अक्षरं लावणं आलं.

आठवड्याला तीन बास. रोज असली की ती नॅपकिनसारखी होते, असते आणि दिसत नाही. आणि ठराविक वारही नकोत.

कागदाचं पटकन सांगते. छोटी चौकोनी चिकट चिठ्ठी घे, बॉलपेन किंवा पेन्सिल, जेल पेन नको कारण डब्यातल्या आइस पॅकच्या ओलाव्याने शाई पसरते आणि मग वाचायचं काय. सुटी छापील वळणाची अक्षरं काढ, जोडून लिहिलेलं रनिंग अक्षर दुसरीतल्या पोराला इंग्लिशमध्येही धड वाचता येत नाही. शब्द दोन ते पाच. आणि मधोमध घडी घालून, लिहिलेली बाजू आत. तू आत्ता झाकणाला आतून चिकटवत असशील, म्हणजे डबा उघडला की टेबलभर जाहिरात. त्याऐवजी बॅगच्या बाहेरच्या खणात किंवा चमच्यासोबत ठेव, तिला हवं तेव्हा काढेल, हवं तर मधल्या सुट्टीत एकटीच बघेल.

ते हसण्याचं जे झालं त्यावर एक युक्ती आहे, माझी आवडती. चिठ्ठीची लाज वाटते कारण त्यात ती लहान बाळ दिसते. एखाद्या दिवशी असं काही पाठव की ज्यात ती सगळ्यांपेक्षा शहाणी दिसेल. मेक्सिकोत पोरांची जुनी कोडी आहेत, त्यांना 'आदिविनान्सा' म्हणतात. एक सगळ्यांना येतं: 'आग्वा पासा पोर मी कासा, काते दे मी कोरासोन'. पाणी माझ्या घरातून वाहतं, काते माझ्या काळजाचं. दुसऱ्या अर्ध्याला तसा काही अर्थच नाही, गंमत अशी की पहिला शब्द आग्वा आणि दुसऱ्या ओळीचा पहिला काते, जोडले की आग्वाकाते, म्हणजे अ‍ॅव्होकाडो. ज्या दिवशी डब्यात अ‍ॅव्होकाडोचं ग्वाकामोले असेल त्याच दिवशी हे पाठव, म्हणजे उत्तर डब्यातच. आदल्या रात्री बाबाने तिला घालून सोडवून घेतलेलं असू दे. मग ती टेबलावर दुसऱ्यांना घालेल, ज्या मुलीने ती चिठ्ठी वाचली होती तिलाही. घालेलच असं नाही, काही पोरं लाजरी असतात, नाही घातलं तर नाही. तू संध्याकाळी 'विचारलंस का मैत्रिणींना' असं खोदू नकोस.

खोदायचं नाही हे एकूणच पाळ. 'चिठ्ठी वाचलीस का' हा प्रश्न बंद. डबा धुताना तुला कळतंच. चिठ्ठी तशीच घडीची घडी, संत्र्याच्या सालाखाली चिकटलेली, असं दोन आठवडे झालं तर जागा बदल, वाक्यं छोटी कर, थोडे दिवस फक्त चित्र आणि बाबाची सही ठेव. उघडून पुन्हा घातलेली असली तर वाचलीये. चिठ्ठी परत आलीच नाही, दप्तराच्या कप्प्यात किंवा पेन्सिल बॉक्समध्ये सापडली, तर ते सगळ्यात छान, तिथून काढू नकोस हं. आणि कधीतरी ती बाबाला उलटं लिहून देईल, मोडकं-तोडकं, अर्धं इंग्लिश, तेव्हा नवऱ्याला आधीच सांगून ठेव की त्यातलं स्पेलिंग सुधारायचं नाही, खिशात घालून कामावर न्यायची.

एक मात्र स्पष्ट सांगते, चिठ्ठ्यांनी ती स्पॅनिश बोलायला लागेल अशी आशा ठेवू नकोस. ती बाबाला इंग्लिशमध्ये उत्तर देते ते चिठ्ठीने बदलत नाही. बोलणं येतं ते बोलायची गरज पडल्यावर, म्हणजे असं माणूस हवं ज्याच्याशी इंग्लिशमध्ये भागत नाही. चिठ्ठीने होतं ते एवढंच की वाचणं सुरू होतं आणि भाषा घराबाहेर पहिलं पाऊल टाकते. बोलण्यासाठी आजी आहे ना! आणि तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये ड्युअल लँग्वेजची शाळा आहे का ते बघ, सॅन अँटोनियोत अशा बऱ्याच आहेत, तिथे निम्मे किंवा जास्त विषय स्पॅनिशमध्ये असतात, पण बऱ्याच ठिकाणी प्रवेश केजी-पहिलीलाच मिळतो, नंतर घेताना मुलाचं स्पॅनिश तपासतात, म्हणून चौकशी लवकर कर.

राहिल्या सासूबाई. त्यांच्या 'शाळेत स्पॅनिश पाठवू नको' याला हट्ट समजू नकोस. टेक्सासात 1918 च्या कायद्याने सरकारी शाळेत इंग्लिश सोडून दुसऱ्या भाषेत शिकवणं हा गुन्हा होता, आणि बायलिंग्वल वर्ग सुरू करणं शाळांना बंधनकारक झालं ते थेट 1973 ला. मधल्या काळात शाळेत, अगदी मैदानात सुद्धा, स्पॅनिश बोललं म्हणून पोरांना फळीने मारायचे. पश्चिम टेक्सासात मार्फा नावाचं गाव आहे, तिथे मेक्सिकन मुलांसाठी वेगळी ब्लॅकवेल शाळा होती. 1954 मध्ये तिथल्या पोरांकडून चिठ्ठ्यांवर लिहून घेतलं की आम्ही स्पॅनिश बोलणार नाही, त्या चिठ्ठ्या एका खोक्यात घातल्या आणि झेंड्याच्या खांबाजवळ खड्डा करून पुरल्या, स्पॅनिशचा अंत्यविधी म्हणून, पोरांसमोर. आता ती शाळा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, 2022 मध्ये तसा कायदा झाला. तुझ्या सासूबाई कुठल्या शाळेत होत्या मला माहीत नाही, पण वय सत्तरच्या आसपास असेल तर त्यांनी यातलं काही ना काही बघितलेलं असण्याची शक्यता खूप आहे. त्यांना नातीला मार बसू नये एवढंच वाटत असेल. त्यांच्याशी वाद घालू नकोस, 'आता काळ बदललाय आई' असलंही काही नको, त्याने माणूस आणखी मिटतं. नुसतं विचार, तुमच्या शाळेत कसं होतं. सांगितलं तर ऐकून घे. नाही सांगितलं तर विषय सोड आणि त्यांना दुसरं काम दे, त्या कोड्यांचं, त्यांना दहा तरी येत असतील, त्या नातीला तोंडी घालतील आणि तू उतरवून घे. मग चिठ्ठी शाळेत जाते ती त्यांच्याच कोड्याची, बघ विरोध किती उरतो ते.

मराठीचं तू विचारलं नाहीस पण ओघात लिहिलंयस म्हणून सांगते, डब्यात आत्ता मराठी घालू नकोस, देवनागरी तिला येत नाही, आणि तीन भाषांच्या चिठ्ठ्या म्हणजे तिच्यासाठी लॉटरी. तुझी मराठी तोंडी चालू दे, डबा हातात देताना दारात जे म्हणतेस ते मराठीतच म्हण, मोठ्याने, कुणी ऐकलं तरी.

आणि तिसरी-चौथीत कधीतरी ती 'आता नको' म्हणेल. म्हणाली की त्याच दिवशी थांबव, कारण विचारू नकोस. बाबाने फ्रिजवर लावायला सुरुवात करावी.